औषधांचा आठवडी तक्ता, भरता येणारी पीडीएफ, ए-फोर आणि लेटर

रकानेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यातल्या मशीनवाल्याने ते चिडवायला ठेवलं होतं, पण इतकं चपखल बसलं की पगाराच्या कागदावर त्यांचं खरं नाव वाचून नवी माणसं विचारायची, ही बाई कोण? सव्वीस वर्षं त्यांनी एकाच खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर फॉर्म बसवले. रजेचे अर्ज, गुणपत्रिका, गोदामाची हजेरी, पाणी न आल्याच्या तक्रारींची नोंदवही. कादंबऱ्या आणि कवितासंग्रह शेजारच्या टेबलावर जायचे. तिकडची माणसं चहा पिताना साहित्यावर बोलत, आणि रकानेबाई मनातल्या मनात म्हणत, तुमची पुस्तकं लोक एकदा वाचतात, नाहीतर वाचतही नाहीत. माझा फॉर्म भरल्याशिवाय कुणाला रजा मिळते का बघू.

नवराही त्याच छापखान्यातला, मुद्रितं तपासणारा. सगळे त्यांना प्रूफवाले म्हणत. यांनी फॉर्म बसवायचा, त्यांनी त्यावर लाल पेनाने गोळे करायचे, यांनी भांडायला त्यांच्या टेबलाशी जायचं, असं चार वर्षं चाललं. शेवटी मशीनवालाच म्हणाला, एवढं भांडताय तर लग्न तरी करून टाका. त्यांनी केलं. भांडण तेवढं घरी आलं.

मग लोक फोनवरच फॉर्म भरायला लागले आणि छापखान्याने मान टाकली. अठ्ठावन्नाव्या वर्षी रकानेबाईंकडे एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि करायला काही नाही अशी अवस्था झाली. त्यांनी घरातल्या डब्यांना लेबलं लावली. मग लेबलांची यादी केली. मग प्रूफवाल्यांनी त्या यादीत दोन चुका काढल्या, आणि तीन दिवस घरात अबोला होता.

अशा वेळी बहिणीची मुलगी धावून आली. ही भाची कुठल्याशा कंपनीत लोकांना ईमेल पाठवायचं काम करते, जे लोक न वाचता पुसून टाकतात. त्यामुळे माणसाचं लक्ष किती सेकंद टिकतं याचं तिला चांगलं ज्ञान आहे.

"मावशी, तू रेघा विक," ती म्हणाली.

"काय विकू?"

"रेघा. रकाने. इंटरनेटवर बाजार आहे, तिथे फक्त फायली विकतात. आठवड्याचा प्लॅनर, खर्चाचा तक्ता, बागेची नोंद. आपण फाईल चढवायची, लोकांनी ती उतरवून घरी छापायची."

"म्हणजे कागद त्यांचा, शाई त्यांची, प्रिंटर त्यांचा. मग माझं काय त्यात?"

"रेघा."

रकानेबाईंनी लेबलांची यादी उचलली आणि तिच्यावरच्या रेघांकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत रेघांना स्वतंत्र किंमत आहे असं त्यांना पहिल्यांदा कुणी सांगत होतं. त्याच दुपारी त्या कामाला लागल्या.

पहिल्या प्लॅनरला त्यांनी नाव दिलं 'नवी पहाट'. दुसऱ्याला 'मनाची घडी'. दोन महिने दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. भाचीने ती नावं बघितली आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, रात्रपाळी करणारी नर्स शोध घेताना 'मनाची घडी' असं टाइप करेल का गं?"

"का नाही? तिला मन नाही?"

"मन आहे, पण तिला हवंय पाळ्यांचं वेळापत्रक. वस्तू काय, फाईल कसली, कुणाच्या कामाची, एवढंच लिहायचं. पीडीएफ आहे का, एक्सेल आहे का, नुसतं छापायचं का त्यात टाइपही करता येतं, कागद कुठल्या मापाचा. शीर्षक म्हणजे कविता नाही, औषधाच्या बाटलीवरचं लेबल आहे ते."

रकानेबाईंना राग आला, पण पटलंही. 'मनाची घडी'चं झालं 'रात्रपाळीचं मासिक वेळापत्रक, प्रिंटेबल पीडीएफ, ए-फोर, नर्स आणि पहारेकऱ्यांसाठी', आणि आठवड्याभरात ते उचललं गेलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. 'मांजरीच्या लसीकरणाची नोंद, प्रिंटेबल पीडीएफ, तीन मांजरींपर्यंत' हे तर त्यांनी निव्वळ खोडसाळपणाने टाकलं होतं. जगात तीन मांजरी पाळणारी आणि त्यांचे कागद हरवणारी माणसं किती आहेत, हे त्यांना तेव्हा कळलं.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. 'डायरी अजून आली नाही, तुमचा कुरिअरवाला झोपला का?' असा निरोप आठवड्यातून एकदा ठरलेला. भाचीने पहिल्याच चित्रावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'ही डिजिटल फाईल आहे, घरी काहीही येणार नाही.' तर एकाने विचारलं, मग ऑफिसच्या पत्त्यावर येईल का?

पण दुकान ज्याच्या जोरावर उभं राहिलं तो होता औषधांचा तक्ता. तो प्रूफवाल्यांच्या हृदयविकारातून जन्माला आला. दवाखान्यातून ते घरी आले ते आठ गोळ्या घेऊन, आणि कुठली कधी यावरून घरात रोज तमाशा. रकानेबाईंनी शेवटी तक्ता केला. आडवे सात वार, खाली एकाखाली एक सहा ओळी. उपाशी पोटी, नाश्त्यानंतर, दुपारी, संध्याकाळी, रात्रीच्या जेवणानंतर, झोपताना. गोळी दिली की त्या चौकटीत खूण. प्रूफवाले कुरकुरत म्हणाले, "मी काय हजेरीपट आहे?" पण त्यांची तब्येत सुधारली. मग रकानेबाईंनी तोच तक्ता असा केला की औषधांची नावं कॉम्प्युटरवरच टाइप करून मग छापता येईल, आणि दोन मापांत केला. काही देशांत ए-फोर कागद चालतो, काही देशांत लेटर नावाचा, जरा रुंद पण बुटका. भाचीने शीर्षक दिलं, 'औषधांचा आठवडी तक्ता, भरता येणारी पीडीएफ, ए-फोर आणि लेटर, आईवडिलांची काळजी घेणाऱ्यांसाठी'. तो असा चालला की दुकानाच्या नावापुढे बाजाराने उत्तम दुकानाचा बिल्ला लावला. रकानेबाईंनी त्या बिल्ल्याचा स्क्रीनशॉट छापून कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. बाहेरून लावायला लाज वाटत होती.

तक्त्याबरोबर सूचनांचं एक पान जायचं. त्यात एक वाक्य त्यांनी ठळक केलं होतं. 'छापताना ॲक्च्युअल साइज हाच पर्याय निवडावा, फिट टू पेज निवडू नये.' फिट टू पेजचा त्यांना सात्त्विक संताप होता. आपण केसाच्या अंतराने रेघा बसवायच्या आणि यांच्या प्रिंटरने त्या मनाला येईल तशा आकसवायच्या, म्हणजे काय? छापखान्यातल्या माणसाचा अभिमान तो. त्याला कोण काय करणार?

एका सकाळी चहाचा कप घेऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, तर तक्त्याखाली नवा अभिप्राय. पाच तारे. 'आईची गोळ्यांची गडबड कायमची संपली. भावाने दूर बसून कॉम्प्युटरवर औषधं भरली, फाईल मला पाठवली, मी छापून फ्रिजवर लावली. सूचना तंतोतंत पाळल्या. तीन आठवड्यांत एकही गोळी चुकली नाही.' खाली फ्रिजचा फोटो.

रकानेबाईंची छाती फुगली. मग त्यांनी फोटो मोठा केला आणि भुवया चढल्या. तक्त्याच्या माथ्यावरची फुलांची नक्षी गायब. दुकानाचं नाव गायब.

"कात्रीने कापलं बघा! अहो, बघा ना! माझं नाव कापून टाकलं मेलीनं!"

प्रूफवाले चष्मा शोधत आले. त्यांनी सवयीने वरून खाली वाचलं, एकेका ओळीवर बोट ठेवत. मग थांबले.

"रात्रीच्या जेवणानंतर," ते म्हणाले. "आणि पुढे?"

"पुढे झोपताना."

"कुठे आहे झोपताना?"

रकानेबाईंनी मोजलं. पाच ओळी. पुन्हा मोजलं. पाचच. पाचही ओळींत निळ्या पेनाच्या खुणा, एकही चौकट न चुकता. सहावी ओळ कागदावर नव्हतीच.

काय झालं ते समजायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत, कारण चूक त्यांच्याच धंद्यातली होती. पाच आठवड्यांपूर्वी, भाची तापाने पडलेली असताना, रकानेबाईंनी मोठ्या तोऱ्यात एकटीने झोपतानाच्या ओळीचा करडा रंग बदलून फिका निळा केला होता. दोन्ही मापांच्या फायली नव्याने काढल्या, त्यांना नावं दिली आणि चढवल्या. नावांची अदलाबदल झाली. ए-फोर म्हणून लेटर गेली, लेटर म्हणून ए-फोर. ए-फोरवाल्यांचं काही बिघडलं नाही, कडेचा कोरा कागद जरा खाल्ला गेला एवढंच. पण लेटरच्या बुटक्या कागदावर उंच ए-फोर आलं. फिट टू पेज केलं असतं तर ते गुपचूप आकसून बसलं असतं. ॲक्च्युअल साइजने ते वरून आणि खालून कापलं गेलं. वर नक्षी आणि नाव, खाली झोपतानाची गोळी. जागा वाया जाऊ नये म्हणून रकानेबाईंनी झोपतानाची ओळ बारीक केली होती आणि तळाशी समासही जेमतेम सहा मिलिमीटर ठेवला होता.

म्हणजे ज्यांनी सूचना धुडकावल्या ते वाचले. ज्यांनी रकानेबाईंचं ऐकलं त्यांचाच घात झाला.

"तुम्ही तपासली होती ना फाईल?" त्या नवऱ्यावर घसरल्या.

"तपासली होती. एक वेलांटी चुकलेली नाही त्यात," प्रूफवाले म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून खुर्चीत बसले.

भाची ऑफिसला जाता जाता घरी डोकावली. तिने सगळं ऐकलं, कॉम्प्युटर पुढ्यात ओढला आणि दोन मिनिटांत फायलींची नावं सरळ करून त्या पुन्हा चढवल्या.

"झालं. ज्यांनी आधी घेतली त्यांनी परत उतरवली तर त्यांनाही नवीच मिळेल. विषय संपला."

"त्यांना कळणार कसं परत उतरवायचं ते? बाजार त्यांना सांगतो?"

"नाही."

"मग मी सांगते."

"मावशी, वेडी आहेस का? कुणाचीही तक्रार नाही. एकसष्ट जणांनी घेतलीय या पाच आठवड्यांत. त्यातल्या निम्म्यांनी उघडलीसुद्धा नसेल. तू सगळ्यांना कळवलंस की आमच्या तक्त्याने तुमच्या आईची गोळी खाल्ली, तर उद्या एकेका ताऱ्याचा पाऊस पडेल. बिल्ला जाईल. बिल्ला गेला की शोधात सातव्या पानावर. सातव्या पानावर कोण जातं माहितीये? कुणी नाही."

रकानेबाईंनी कपाटाचं दार उघडून आत पाहिलं. तो बिल्ला त्यांना हवा होता, अगदी मनापासून हवा होता. छापखान्याने दाराला कुलूप लावलं तेव्हा त्यांना एक प्लास्टिकचं घड्याळ मिळालं होतं आणि तेही मागे पडायचं. हे दुकान हे पहिलं असं ठिकाण होतं, जिथे फॉर्म बसवणारी म्हणून कुणीतरी त्यांची पाठ थोपटली होती. पण त्या फोटोतल्या पाच ओळी डोळ्यांसमोरून हलेनात. कुठल्यातरी घरात एक म्हातारी रोज झोपायला जाते आणि तिची एक गोळी बाटलीतच राहते, आणि तिच्या फ्रिजवर माझ्या हातच्या रेघा आहेत.

"आठ गोळ्यांपैकी माझी झोपतानाची कुठली आहे, ठाऊक आहे ना?" प्रूफवाले हळूच म्हणाले. "रक्तदाबाची."

भाचीने ऑर्डरींची यादी उघडली. मग म्हणाली, "लिही. पण सगळ्यांना एकदम जात नाही हां. एकेक ऑर्डर उघडून एकेकाला लिहावं लागेल."

रकानेबाईंनी पहिला निरोप फ्रिजवालीला लिहिला. चार वेळा खोडला. 'आमच्याकडून अनवधानाने' वगैरे प्रूफवाल्यांनी सुचवलं, ते त्यांनी कापलं. शेवटी साधं लिहिलं. 'ताई, तुमच्या फोटोत तक्त्याची सहावी ओळ दिसत नाही. ती झोपतानाच्या औषधांची आहे. चूक माझी आहे, तुमची नाही. तुमच्या भावाने त्या ओळीत काही भरलं होतं का, ते कृपा करून आत्ताच्या आत्ता बघा. असेल तर डॉक्टरांना विचारा, किती दिवस राहिली तेही सांगा.'

मग उरलेल्या साठांना लिहायला घेतलं. दिवसभर उत्तरं येत होती. एकाने लिहिलं की तो कायम फिट टू पेजच करतो, सूचना कोण वाचतं. रकानेबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा अशा माणसाला मनोमन आशीर्वाद दिला. एकीने विचारलं, तक्ता कधी पोचणार, पत्ता बदललाय. बऱ्याच जणांनी खरोखरच फाईल उघडलेली नव्हती. तक्ता विकत घेतला की औषधं वेळेवर घेतल्यासारखंच वाटतं माणसाला, असं भाची म्हणाली, आणि तिच्याच फोनमध्ये व्यायामाचे चार प्लॅनर निघाले.

फ्रिजवालीचं उत्तर मात्र येईना. रकानेबाई दर पाच मिनिटांनी पान ताजं करायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा गोळा झाला. प्रूफवाल्यांनी तो निमूट खाल्ला. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी चूक न काढता गिळलेला तो पहिला भात असावा.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. रकानेबाईंनी स्क्रीन प्रूफवाल्यांकडे वळवली आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

'भावाला फोन केला. त्याने सहावी ओळ भरली होती. रक्तदाबाचीच गोळी. डॉक्टरांकडे जाऊन आलो, दाब वाढलाय, पण वेळेत कळलं म्हणाले. आजपासून गोळी सुरू. पण मला तुम्हाला दुसरंच सांगायचंय. आई पहिल्या दिवसापासून म्हणत होती की झोपताना एक छोटी पांढरी गोळी असते. मी तिला रोज फ्रिजजवळ उभी करून तक्ता दाखवायचे. बघ, आहे का कुठे? नाही ना? एकदा तिने स्वतःच बाटली उघडली, तर मी तिच्या हातातून ओढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली. तिचा हात पोचत नाही तिथे. मी सगळ्यांना सांगत होते की आईला आता काही आठवत नाही.'

रकानेबाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्या उठल्या आणि तक्त्याची मूळ फाईल उघडून बसल्या. तळाचा समास सहाचा वीस मिलिमीटर केला. 'या पानावर सहा ओळी आहेत, मोजून पाहा' असं वाक्य तळाशी टाकलं. प्रूफवाले म्हणाले, पान कापलं गेलं तर पहिलं हेच वाक्य जाईल. तेव्हा ते उचलून मधोमध बसवलं. दोघांनी मिळून भाचीच्या मैत्रिणीकडून मागवलेल्या खऱ्याखुऱ्या लेटर कागदावर तक्ता छापला आणि पट्टीने मोजला, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

चार दिवसांनी फ्रिजवालीचा अभिप्राय बदलला. पाच ताऱ्यांचा एक झाला होता. मजकूरही वेगळा.

'मी आई बोलतेय. मुलगी टाइप करतेय, तिला तसंच टाइप करायला सांगितलंय. मी तीन आठवडे रोज सांगत होते. तक्त्याला तोंड नाही, मला आहे. एक तारा तक्त्याला, कारण बाईंनी स्वतःहून चूक कळवली. माझ्या मुलीला तोही नाही.'

रकानेबाई हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. दुसऱ्या दिवशी बिल्ला गेला. भाची तणतणत आली.

"आपण बाजाराकडे तक्रार करू. हे नियमात बसतच नाही. अभिप्राय खरेदी करणाऱ्याने द्यायचा असतो, ही खरेदी करणाऱ्याची आई आहे! एका दिवसात काढून टाकतील."

"एक अक्षर हलवायचं नाही त्यातलं," रकानेबाई म्हणाल्या. "तीन आठवडे त्या बाईंचं घरात कुणी ऐकलं नाही. आता इथून मी त्यांना पुसून टाकू?"

रकानेबाईंनी खुर्ची पुढे ओढली. एकसष्टांपैकी सतरा जणांचं उत्तर अजून यायचं होतं. त्यांनी यादीतली पुढची ऑर्डर उघडली आणि दुसऱ्यांदा लिहायला घेतलं, की ताई, दादा, कागद राहू दे, आधी घरातल्या माणसाला विचारा.